टीव्हीच्या कोपऱ्यातला सांकेतिक भाषेचा दुभाषी: नुसते हात हलले म्हणजे बातमी पोहोचली का?

सप्टेंबर २०१७. 'इर्मा' हे चक्रीवादळ अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या दिशेने येत होतं. तिथल्या मॅनाटी काउंटीमध्ये (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा) अधिकाऱ्यांनी तातडीची पत्रकार परिषद घेतली. कोणत्या भागातल्या लोकांनी घर सोडायचं, कुठे जायचं, ही सगळी माहिती लोकांना थेट प्रक्षेपणातून दिली जात होती. अधिकाऱ्यांच्या शेजारी पिवळा टी-शर्ट घातलेला एक माणूस उभा होता आणि तो कर्णबधिर प्रेक्षकांसाठी हातांनी खुणा करत होता.

ऐकू येणाऱ्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वादळाच्या धावपळीतही प्रशासनाने कर्णबधिरांची आठवण ठेवली, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते कर्णबधिर प्रेक्षक चक्रावले. कारण त्या माणसाच्या खुणांमधून त्यांना 'पिझ्झा', 'अस्वल', 'राक्षस' असे शब्द मिळत होते आणि मध्ये मध्ये तर नुसतेच हातवारे. घर सोडायचं की नाही, हे त्यातून कळायला मार्ग नव्हता.

हा माणूस मुळात दुभाषी नव्हताच. तो काउंटीच्या नोकरीतला जीवरक्षक होता. त्याचा भाऊ कर्णबधिर असल्यामुळे त्याला थोड्याफार खुणा येत होत्या. वेळ कमी होता, समोर खुणा येणारा एक माणूस होता, म्हणून त्यालाच उभं केलं गेलं.

या प्रसंगाचे व्हिडिओ नंतर जगभर फिरले आणि लोक त्यावर हसले. पण यातला खरा प्रश्न वेगळा आहे. टीव्हीवरचा दुभाषी चांगलं काम करतोय की नाही, हे आपल्यासारख्या ऐकू येणाऱ्यांना कळतच नाही. आणि त्याला कामावर घेणारे, त्याचा चौकोन पडद्यावर किती मोठा ठेवायचा हे ठरवणारे, त्याचे पैसे मंजूर करणारे जवळपास सगळे ऐकू येणारेच असतात.

मग हे काम नेमकं कशामुळे चांगलं होतं? आणि कुठे फसतं? हेच समजून घेऊया.

स्टेडियमभर लोक होते, तरी चूक कुणाला दिसली नाही

याआधीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. १० डिसेंबर २०१३ ला जोहान्सबर्गच्या एफएनबी स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांची शोकसभा होती. जगभरातले राष्ट्रप्रमुख आले होते. बराक ओबामा भाषण करत होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक दुभाषी खुणा करत होता. कोट्यवधी लोकांनी ते थेट पाहिलं.

त्या खुणांना काही अर्थच नव्हता.

हे सगळ्यात आधी लक्षात आलं कर्णबधिरांच्या. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेतल्या कर्णबधिर खासदार विल्मा न्यूहाउट-द्रुखेन यांनी कार्यक्रम चालू असतानाच ट्विटरवर आक्षेप घेतला. तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनेही सांगितलं, की हा माणूस दक्षिण आफ्रिकेची सांकेतिक भाषा वापरतच नाहीये.

त्यांनी हे कशावरून ओळखलं? पहिली गोष्ट म्हणजे त्याचा चेहरा. भाषण कितीही भावुक होवो, त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदलत नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे हातांचे तेच ते आकार पुन्हा पुन्हा येत होते. वक्ते बदलले, विषय बदलले, तरी खुणा त्याच. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मंडेलांच्या शोकसभेत मंडेलांच्या नावाची ठरलेली खूणसुद्धा तो करत नव्हता.

त्या दुभाष्याने पुढे आपल्या मानसिक आजाराचं कारण सांगितलं. पण दोष एकट्या माणसावर टाकून हा विषय संपत नाही. त्याच्या कामाबद्दल कर्णबधिरांच्या संघटनेने पूर्वीही तक्रार केलेली होती. सरकारच्या वतीने बोलणाऱ्या उपमंत्र्यांनी नंतर चूक झाल्याचं मान्य केलं. ज्या एजन्सीकडून त्याला घेतलं होतं, तिचे दर नेहमीपेक्षा बरेच कमी होते, हेही तेव्हा समोर आलं.

दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून बघा. माणूस निवडताना कुणीही एखाद्या कर्णबधिर व्यक्तीला विचारलं नव्हतं, की बाबा, याचं तुला कळतंय का? पाच मिनिटांच्या त्या चाचणीत दोन्ही फजित्या टळल्या असत्या.

खाली अक्षरं येतात की! मग दुभाषी कशाला?

हा प्रश्न सोशल मीडियावर नेहमी विचारला जातो. उत्तर समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. सांकेतिक भाषा म्हणजे मराठी किंवा इंग्रजी शब्दांच्या जागी केलेल्या खुणा नव्हेत. ती स्वतंत्र भाषा आहे. तिचं व्याकरण वेगळं आहे. ती जगभर एकसारखीही नाही. अमेरिकेची वेगळी, ब्रिटनची वेगळी आणि आपली भारतीय सांकेतिक भाषा वेगळी. अमेरिकेत इंग्रजी अक्षरं एका हाताने दाखवतात, आपल्याकडे दोन्ही हातांनी.

जन्मापासून ऐकू न येणारी बहुतेक मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरात जन्मतात. आपण मराठी शिकलो ती कानावर पडून. शाळेत गेलो तेव्हा आपल्याला बोलायला येत होतं, फक्त अक्षरं शिकायची होती. या मुलांचं तसं होत नाही. त्यांना कधीही न ऐकलेली भाषा थेट कागदावरून शिकावी लागते. काहीजण ती उत्तम शिकतात. पण अनेकांसाठी लिखित मराठी ही कायम दुसरी भाषाच राहते. बातमीच्या वेगाने पळणारी, 'विसर्ग', 'अधिसूचना', 'सखल भाग' असे शब्द असलेली ओळ वाचून संकटाच्या वेळी निर्णय घेणं त्यांना अवघड जातं.

ओठ वाचून कळत नाही का? आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पार', 'बार' आणि 'मार' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच दिसतील.

हा मुद्दा अमेरिकेत कोर्टातही गेला. कोरोनाच्या काळात व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदांमध्ये दुभाषी नसायचा. तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने आणि काही कर्णबधिर नागरिकांनी दावा लावला. सरकारचं म्हणणं होतं, की पडद्यावर अक्षरं येतात, तेवढं पुरेसं आहे. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांना ते पटलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी कोरोनाविषयीच्या परिषदांच्या प्रक्षेपणात दुभाषी दिसलाच पाहिजे असा आदेश दिला.

याचा अर्थ अक्षरं नकोत असा होत नाही. वय वाढल्यावर ज्यांचं ऐकणं कमी झालं आहे, त्यांना सांकेतिक भाषा येत नसते. त्यांच्यासाठी अक्षरंच कामाची. २०११ च्या जनगणनेत भारतात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख लोकांची नोंद झाली, पण हे सगळे सांकेतिक भाषा वापरतात असं नाही. दोन वेगळे गट आहेत आणि त्यांच्या दोन वेगळ्या गरजा आहेत.

एक वाक्य घेऊन बघू

दुभाषी नेमकं काय करतो, हे एका वाक्यावरून बघूया. पावसाळ्यात आपण सगळे ऐकतो, तशा धाटणीचं हे वाक्य आहे. समजा, निवेदक म्हणतो:

'आज सायंकाळी पाच वाजता कोयना धरणाचे दरवाजे चार फुटांनी उचलण्यात येणार असून, कोयना आणि कृष्णा नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.'

दुभाषी शब्दामागे शब्द असं करत नाही. तो काही सेकंद मागे राहतो. वाक्याचा अर्थ हाती लागेपर्यंत थांबतो. म्हणून निवेदक बोलायचा थांबला तरी दुभाष्याचे हात चालू दिसतात. तो मागे पडलेला नसतो, त्याला तेवढं अंतर लागतंच.

मग तो वेळ आधी सांगतो: आज, संध्याकाळी, पाच. सांकेतिक भाषेत काळ सहसा सुरुवातीला येतो.

नंतर तो समोरच्या मोकळ्या जागेत जणू नकाशा मांडतो. इथे वर धरण, त्यातून खाली येणारी ही कोयना, ती कराडला या कृष्णेला मिळते आणि दोन्ही बाजूंना गावं. 'कोयना' हे नाव तो एकदा अक्षरं दाखवून किंवा ठरलेल्या खुणेने सांगतो. त्यानंतर नाव पुन्हा घ्यावं लागत नाही. हवेतल्या त्या जागेकडे बोट केलं की प्रेक्षकाला कोयना धरण कळतं.

आता दरवाजे. एक हात दरवाजा होतो आणि वर उचलला जातो. किती? चार फूट. आकडा वेगळा आणि स्वच्छ दाखवायचा. मग पाणी. धरणाच्या जागेपासून गावांच्या जागेपर्यंत हात वाहत जातात आणि गावांपाशी पातळी वर चढते. पाणी थोडं आहे की लोंढा आहे, हे हातांच्या वेगावरून आणि गालांवरून, ओठांवरून कळतं.

इथपर्यंत काम अवघड असलं तरी जमण्यासारखं आहे. खरी अडचण शेवटच्या दोन शब्दांत आहे: 'सतर्क राहावे'.

म्हणजे नेमकं काय करायचं? नदीकडे जाऊ नका? जनावरं वर न्या? सामान बांधून तयार राहा? की घर सोडा? ऐकणारा माणूस हे शब्द ऐकतो आणि शेजाऱ्याला, सरपंचाला फोन करून विचारतो. चित्रासारख्या चालणाऱ्या भाषेत मात्र असा पोकळ शब्द तसाच पुढे ढकलला तर प्रेक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. आणि दुभाष्याने स्वतःच्या मनाने 'घर सोडा' असं सांगितलं, तर ती त्याने प्रशासनाच्या नावावर केलेली भर ठरते.

यावर उपाय एकच आहे. दुभाष्याला मजकूर आधी मिळाला पाहिजे, म्हणजे तो अधिकाऱ्याला विचारू शकतो, 'साहेब, सतर्क म्हणजे लोकांनी काय करायचं?' दहा मिनिटं आधी मिळालेला कागद दुभाष्याच्या हातांच्या वेगापेक्षा जास्त कामाचा असतो. गावांची नावं, आकडे, अधिकाऱ्यांची नावं त्यात बघून घेता येतात. मजकूर न देता कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तर चांगला दुभाषीही अडखळतो.

याच उदाहरणात चेहऱ्याचं महत्त्वही दिसतं. 'पाणी आलं का?' हा प्रश्न आणि 'पाणी आलं' हे विधान, दोन्हींत हातांच्या खुणा जवळपास सारख्या असू शकतात. फरक पडतो भुवयांमुळे आणि मान किंचित पुढे आल्यामुळे. दुभाष्यांच्या चेहऱ्याच्या क्लिप 'काय एनर्जी आहे' म्हणून व्हायरल होतात किंवा त्यांचे मीम बनतात. पण तो अभिनय नसतो. आपण बोलताना आवाज चढवतो-उतरवतो, तेच काम तो चेहरा करत असतो.

दुभाषी चांगला, तरी बातमी पोहोचली नाही

समजा दुभाषी उत्तम आहे, मजकूरही आधी मिळाला आहे. तरीही सगळं फुकट जाऊ शकतं. कारण पुढचा निर्णय कॅमेरा आणि ग्राफिक्सवाल्यांच्या हातात असतो.

ब्रिटनची प्रसारण नियामक संस्था 'ऑफकॉम'च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुभाष्याची चौकट साधारणपणे पडद्याच्या उजवीकडे असावी आणि तिने चित्राच्या किमान एक षष्ठांश जागा घ्यावी. एक षष्ठांश ऐकायला मोठं वाटतं. पण आपण बातम्या बघतो मोबाइलवर. मोबाइल उभा धरला आणि आडवा व्हिडिओ लावला, तर चित्र साधारण ७ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर उंच दिसतं. त्याचा सहावा भाग म्हणजे जेमतेम २ बाय २ सेंटीमीटरचा चौकोन. त्यात भुवया बघायच्या, दहा बोटं बघायची आणि 'कोयना'ची अक्षरंही वाचायची. चौकट याहून लहान असेल, तर काय उरेल याचा अंदाज तुम्हीच करा.

त्यात आपल्या वाहिन्यांची सवय म्हणजे पट्ट्या. खाली एक पट्टी, तिच्यावर 'ब्रेकिंग'ची दुसरी, बाजूला जाहिरात. यातली एखादी पट्टी दुभाष्याच्या कोपरापर्यंत चढली, की खालच्या बाजूला होणाऱ्या खुणा गायब. एखाद्या निवेदकाच्या प्रत्येक वाक्यातला चौथा शब्द म्यूट केला तर आपण वाहिनीला लगेच नावं ठेवू. इथे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी चूक सोशल मीडिया टीमकडून होते. मुख्यमंत्री मध्ये, दुभाषी बाजूला, असा आडवा व्हिडिओ असतो. रील करताना तो उभा कापला जातो. मुख्यमंत्री राहतात, दुभाषी कापला जातो. मूळ प्रक्षेपणात केलेली सगळी सोय, जिथे सगळ्यात जास्त लोक बघतात तिथेच निघून जाते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे थकवा. सतत ऐकणं, अर्थ लावणं आणि दुसऱ्या भाषेत मांडणं हे काम डोक्याला फार शिणवतं. म्हणून मोठ्या कार्यक्रमात दोन दुभाषी असतात आणि साधारण १५ ते २० मिनिटांनी जागा बदलतात. विश्रांती घेणारा नुसता बसून राहत नाही. समोरच्याचा एखादा आकडा किंवा नाव निसटलं, तर तो ते पुरवतो. एकाच माणसाला दोन तास उभं केलेलं दिसलं, तर शेवटच्या तासातल्या चुका त्याच्या नावावर लावू नका. तो खर्च वाचवण्याचा परिणाम असतो.

मंचावर उभा की कोपऱ्यातल्या चौकटीत?

यात फरक काय, हे ब्रिटनमधल्या एका खटल्यातून नीट कळतं.

कोरोनाच्या काळात स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरच्या पत्रकार परिषदांमध्ये दुभाषी सोबत असायचा. लंडनमध्ये पंतप्रधानांच्या परिषदांमध्ये मात्र मंचावर दुभाषी नव्हता. सरकारचं म्हणणं होतं, की बीबीसीच्या न्यूज चॅनलवर कोपऱ्यात दुभाषी दिसतो. पण तेच भाषण दुसऱ्या वाहिनीवर बघितलं, किंवा त्याची क्लिप फोनवर आली, तर दुभाषी नाही. 'व्हेअर इज द इंटरप्रिटर' या नावाने मोहीम सुरू झाली आणि केटी राउली या कर्णबधिर महिलेने सरकारला कोर्टात खेचलं.

जुलै २०२१ मध्ये निकाल आला. २१ सप्टेंबर आणि १२ ऑक्टोबर २०२० या दोन दिवशी कोरोनाची आकडेवारी सांगणाऱ्या परिषदांमध्ये दुभाषी कुठेच नव्हता, ना मंचावर, ना चौकटीत. हा भेदभाव आहे, असं हायकोर्टाने म्हटलं. पण कोर्टाने एक गोष्ट मान्य केली नाही. दुभाषी मंचावरच हवा, चौकटीत चालणारच नाही, असा कायदा नाही, हेही त्याच निकालात आलं. म्हणजे विजय मिळाला तोही अर्धाच.

मंचाचा फायदा उघड आहे. दुभाषी मूळ चित्राचाच भाग असल्यामुळे, ज्या ज्या वाहिनीवर चित्र जातं, तिथे तोही जातो. प्रत्येक वाहिनीने वेगळी सोय करायची गरज उरत नाही. मात्र कॅमेरामनने झूम करून फक्त नेत्याचा चेहरा दाखवला, की हा फायदा शून्य होतो. मॅनाटीसारख्या प्रसंगात अजून एक धडा आहे: मंचावरचा माणूस चुकीचा असेल, तर चूकही सगळ्या वाहिन्यांवर एकदम जाते.

चौकटीचेही फायदे आहेत. प्रकाश आपल्या हातात असतो, पार्श्वभूमी साधी ठेवता येते आणि कपड्यांचा रंग त्वचेपेक्षा वेगळा ठेवला की हात उठून दिसतात. शिवाय चौकटीत कर्णबधिर दुभाषीही काम करू शकतो. कसं? कॅमेऱ्याच्या बाजूला एक ऐकू येणारा दुभाषी उभा राहून त्याला खुणांमधून मजकूर देतो आणि कर्णबधिर दुभाषी तो आपल्या मातृभाषेच्या सफाईने प्रेक्षकांना सांगतो. मजकूर लेखी असेल, तर निवेदकासारखा तो टेलिप्रॉम्प्टरवरूनही काम करू शकतो. ज्याची ती पहिली भाषा आहे त्यानेच बातमी दिली, तर ती जास्त नीट पोहोचते, हे कुठल्याही भाषेत खरं आहे.

आपल्याकडे नियम काय सांगतात?

दूरदर्शनवर मूकबधिरांसाठीच्या बातम्या अनेकांनी लहानपणी पाहिल्या असतील. आठवड्यातून एकदा, वेगळं बातमीपत्र. त्या काळात तीही मोठी गोष्ट होती.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने चित्र बदललं. टीव्हीवरचे कार्यक्रम सांकेतिक भाषा किंवा उपशीर्षकांसह उपलब्ध झाले पाहिजेत, ही सरकारची जबाबदारी ठरली. त्याला धरून केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये टीव्ही वाहिन्यांसाठी मानकं काढली. वृत्तवाहिन्यांनी दिवसातून किमान एक बातमीपत्र कर्णबधिरांना समजेल अशा पद्धतीने द्यावं, अशी सुरुवात त्यात ठरली.

पण याच मानकांमध्ये काही गोष्टींना सूट आहे. खेळांचे सामने, पुरस्कार सोहळे यांच्यासोबत त्या यादीत थेट बातम्याही आहेत.

यामागचं कारण समजू शकतं. थेट प्रक्षेपणात आयत्या वेळी दुभाषी आणणं अवघड असतं. पण धरणाचे दरवाजे उघडल्याची, दरड कोसळल्याची, गॅस गळतीची बातमी थेटच असते. ती रात्रीच्या ठरलेल्या बातमीपत्रात कळली, तर त्याचा उपयोग किती?

दुसरी अडचण माणसांची आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झाली. तिने तयार केलेल्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३ हजार शब्द होते, २०२१ पर्यंत ते १० हजार झाले. दुभाषी होण्यासाठी पदविका अभ्यासक्रम आहे आणि महाराष्ट्रात मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग संस्था या क्षेत्रात अनेक वर्षं काम करते. पण पदविका घेतलेला दुभाषी शाळेत, दवाखान्यात, बँकेत काम करायला तयार झालेला असतो. थेट बातमी, अर्थसंकल्प, हवामानाचा इशारा हे वेगळं कसब आहे आणि ते कामावर, जाणत्या दुभाष्याच्या शेजारी उभं राहूनच येतं.

त्यात मराठीची एक गाठ आहे. मराठी वाहिनीला मराठी नीट कळणारा आणि सांकेतिक भाषा उत्तम येणारा माणूस हवा. 'विसर्ग', 'पंचनामा', 'सातबारा' हे शब्द ज्याला मराठीतच कळत नाहीत, तो ते दुसऱ्या भाषेत नेणार कसे?

मग चांगलं काम ओळखायचं कसं?

आपल्याला सांकेतिक भाषा येत नसली, तरी काही गोष्टी दिसतात. पुढच्या वेळी एखादं बातमीपत्र लागलं की आवाज बंद करा आणि दोन मिनिटं फक्त दुभाष्याकडे बघा.

बातमी बदलल्यावर त्याचा चेहरा बदलतो का? अपघाताची बातमी आणि क्रिकेटची बातमी सारख्याच चेहऱ्याने येत असेल, तर शंका घ्या. तेच चार-पाच आकार फिरून फिरून येतात का? नाव किंवा आकडा आला की तो क्षणभर थबकून वेगळं काही दाखवतो का? आणि फोन हातभर लांब धरल्यावर त्याची बोटं तुम्हाला मोजता येतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर दोष दुभाष्याचा नाही, वाहिनीचा आहे.

पण ही झाली आपली वरवरची तपासणी. खरी तपासणी फक्त कर्णबधिर प्रेक्षक करू शकतात. त्याची रीत साधी आहे. बातमी दाखवायची, आणि मग सांकेतिक भाषेतूनच विचारायचं: दरवाजे किती वाजता उघडणार? पाणी कुठे येणार? तुम्ही काय करायचं? तिन्हींची बरोबर उत्तरं आली, तर काम झालं. 'छान करतो तो' असं ऐकू येणाऱ्या शंभर जणांनी म्हटलं, तरी त्यातून काहीच कळत नाही.

वाहिनीने किंवा जिल्हा प्रशासनाने दुभाषी निवडताना दोन कर्णबधिर माणसांना सोबत बसवलं आणि महिन्यातून एकदा अशी परीक्षा घेतली, तर खर्च फारसा येत नाही. पुराच्या दिवशी खुणा येणारा कुणीतरी शोधत फिरायची वेळही येणार नाही. दुभाष्यांची यादी आणि त्यांचे फोन नंबर पावसाळ्याआधीच नियंत्रण कक्षात लावलेले असतील.